फ्लॅट 11 टक्के की रिड्यूसिंग 18 टक्के?

वागळे इस्टेटमध्ये माझ्या मावसभावाचा लेथचा गाळा आहे. जुनी मशीन बदलायला त्याला तीन वर्षांसाठी 5 लाख हवे होते. हातात दोन ऑफर होत्या. पहिली फ्लॅट 11 टक्क्यांची, प्रोसेसिंग फी 2 टक्के. दुसरी रिड्यूसिंग 18 टक्क्यांची, फी 3 टक्के. "दादा, 11 आणि 18 मध्ये विचार काय करायचा?" असं म्हणत तो सही करायलाच निघाला होता.

फ्लॅटमध्ये व्याज शेवटपर्यंत पूर्ण 5 लाखांवर लागतं. वर्षाला 55,000, तीन वर्षांत 1,65,000. हप्ता 18,472 रुपये. शेवटच्या महिन्यात मुद्दल उरतं अवघं 13,889, पण त्या महिन्याचंही व्याज 4,583 रुपयेच! रिड्यूसिंगमध्ये व्याज फक्त उरलेल्या मुद्दलावर, म्हणून दर 18 असूनही हप्ता 18,076 येतो. म्हणजे दरमहा 396 रुपये कमी.

आता फी. तिच्यावर 18 टक्के जीएसटी असतो आणि ती बहुतेकदा रक्कम देतानाच कापतात. पहिल्या ऑफरमध्ये 11,800 कापून हातात 4,88,200, दुसरीत 17,700 कापून 4,82,300. हप्ता मात्र पूर्ण 5 लाखांचा. म्हणून खरा वार्षिक खर्च काढताना हातात पडलेली रक्कमच धरायची. एक्सेलमध्ये:

```
=RATE(36,-18472,488200)*12
=RATE(36,-18076,482300)*12
```

उत्तरं सुमारे 21.3 आणि 20.6 टक्के. फी जास्त असूनही दुसरी ऑफर तीन वर्षांत साधारण 8,350 रुपयांनी स्वस्त.

इथवर आलो आणि दुसऱ्या ऑफरच्या कागदांत 10,000 रुपयांचा कर्ज-विमा सापडला, तोही कर्जातूनच कापणार. हातात 4,72,300 धरले की तीच ऑफर 22.2 टक्क्यांवर जाते, म्हणजे पहिलीपेक्षा महाग. एजंट तोंडी हे सांगत नाही. पण 1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जालाही 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या अटी आणि खर्च मांडणारा कागद, द्यावा लागतो, आणि त्यातल्या 'एपीआर'मध्ये, म्हणजे खऱ्या वार्षिक खर्चाच्या दरात, कर्ज देणाऱ्यामार्फत वसूल होणारा असा विमाही धरलेला असतो. दोन्हीकडून तो कागद मागा आणि एपीआरच्या ओळी शेजारी ठेवा.

कर्ज मध्येच फेडायचं मनात असेल तर हिशेब बदलतो. आगाऊ कापलेली फी परत मिळत नाही, त्यामुळे जास्त फीवाली ऑफर लवकर बंद केली तर आणखी महाग पडते. फ्लॅटवाल्याला मात्र एकच प्रश्न लेखी विचारा: दीड वर्षानं बंद केलं तर उरलेलं व्याज सोडणार की 18 हप्त्यांचे पूर्ण 3,32,500 मागणार?

भावाला तिथं "बघू नंतर" असं उत्तर मिळालं. दुसऱ्यांनी विमा काढून नवा कागद दिला, त्यावर त्यानं सही केली.