चादरींचा कोड: सगळं सांगणारा की कायमचा?

सांगलीतल्या आमच्या दुकानात आधी `ICH-BS-RED-KUP` असा कोड होता: इचलकरंजीचा माल, बेडशीट, लाल, कुपवाड गोदाम. वाचताच कळायचं, हे खरं. पण तीच चादर सोलापूरहून येऊ लागली, काही मिरजेत ठेवली, आणि एका चादरीचे तीन कोड झाले. कुपवाडला 40 पडून असताना मिरजेत ‘शिल्लक नाही’ दिसायचं.

आता `BS-0142-07`. 0142 म्हणजे डिझाइन आणि माप, 07 म्हणजे रंग. पुरवठादार व गोदाम वेगळ्या रकान्यात. मरून रंग नवीन आला की पुढचा मोकळा क्रमांक; बंद रंगाचा क्रमांक पुन्हा द्यायचा नाही, नाहीतर जुन्या बिलांवरचा रंग चुकतो. माप बदललं तर मात्र नवा 0143. नुसत्या आकड्यांवरून रंग ओळखता येत नाही, म्हणून लेबलवर ‘मरून, डबल’ ठळक छापतो. सगळं सांगणारा की कायमचा, यात मी कायमचा कोडच निवडेन.