स्क्रू फीडरचा फेऱ्यागणिक धक्का: पीआय, नॉच, रेझोनंट की कोनावरची भरपाई?

कुपवाड एमआयडीसीत हळद पावडर भरणाऱ्या मशीनवर एक स्क्रू फीडर असतो. स्क्रू ठरलेल्या वेगाने फिरला तरच पिशवीत ठरलेलं वजन पडतं. शाफ्ट किंचित वाकडा असेल तर प्रत्येक फेरीत स्क्रू एकदा नळीला घासतो, मोटरवरचा भार तेवढ्यापुरता वाढतो आणि वेग एकदा दबतो, एकदा उसळतो. हा त्रास साईन लाटेसारखा असतो आणि त्याची वारंवारिता म्हणजे स्क्रूचाच वेग, म्हणजे ती आपल्याला आधीच माहीत असते. कंट्रोलर कोणता लावायचा हे ठरवणाऱ्यांसाठी ही तुलना आहे.

पहिला पर्याय कंट्रोलचा नाहीच. शाफ्ट काढून डायल लावून सरळ करता येत असेल तर तो करा. खाली जे आहे ते मशीन थांबवता येत नाही, किंवा सरळ करूनही थोडं घासणं उरतंच, अशांसाठी.

आकडे ठरवून घेऊ. स्क्रू ९५.५ आरपीएमवर चालतो, म्हणजे वारंवारिता सेकंदाला १० रेडियन. ड्राइव्हला दिलेल्या कमांडपासून वेगापर्यंत मोटर आणि स्क्रू मिळून 5/(s+5), म्हणजे टाइम कॉन्स्टंट ०.२ सेकंद. घासण्याचा धक्का मोटरच्या इनपुटला येतो असं धरू. त्याचा कमाल जोर एवढा, की तो कायम लागून राहिला असता तर वेग १० आरपीएमने घटला असता. लूप न लावता हा धक्का वेगात ±४.५ आरपीएम हेलकावा आणतो, कारण १० रेडियनवर मोटरची जडता त्याला निम्म्याहून खाली आणते.

आता नेहमीचा पीआय. प्रपोर्शनल गेन ३, इंटिग्रल १५ असे ठेवले की लूप 15/s एवढा साधा होतो. स्थिर भार तो पूर्ण पुसून टाकतो, पण १० रेडियनवर धक्क्याचा ५५ टक्के भाग उरतोच. हेलकावा ±२.५ आरपीएम. इथे बहुतेक जण गेन वाढवतात. उरलेला भाग ५ टक्क्यांवर आणायचा तर 15/s च्या जागी साधारण 200/s हवा. ड्राइव्ह, एन्कोडरचं फिल्टर आणि पीएलसी यांचा मिळून फक्त १० मिलिसेकंद विलंब धरला तरी हा लूप १५७ च्या पुढे अस्थिर होतो. तेव्हा गेन वाढवून प्रश्न सुटत नाही. एका वारंवारितेसाठी सगळ्या वारंवारितांवर जोर लावायचा, हा सौदाच महागात पडणारा आहे.

दुसरा पर्याय म्हणजे कंट्रोलरच्या पुढे १० रेडियनचा नॉच फिल्टर. हा सुचतो चटकन, पण इथे तो चुकीचा आहे. नॉच त्या वारंवारितेवर कंट्रोलरचा गेन शून्य करतो. म्हणजे कंट्रोलर त्या धक्क्याकडे पाठ फिरवून बसतो आणि हेलकावा पुन्हा ±४.५ वर जातो, साध्या पीआयपेक्षा जवळजवळ दुप्पट. फसवणूक अशी, की ट्रेंडवर ड्राइव्हची कमांड छान सरळ दिसते आणि पाहणाऱ्याला वाटतं काम झालं. कमांडऐवजी वेग पाहिला की खरं कळतं. नॉच यांत्रिक रेझोनन्ससाठी किंवा सेन्सरवरच्या आवाजासाठी ठीक. बाहेरून येणाऱ्या धक्क्याला मात्र नेमकं उलटं करावं लागतं.

ते उलटं म्हणजे इंटर्नल मॉडेल प्रिन्सिपल. ब्रूस फ्रान्सिस आणि मरे वॉनम यांनी १९७६ साली ते काटेकोर मांडलं. त्यामागचा विचार साधा आहे. एरर शून्य झाली तरी धक्का येतच राहणार, म्हणजे त्याला विरोध करणारी साईन कंट्रोलरमधून निघत राहायला हवी. इनपुट शून्य असताना साईन देत राहणारी व्यवस्था म्हणजे s²+१०² हा भाजक असलेली, आपोआप डोलणारी व्यवस्था. ती कंट्रोलरच्या आत असायलाच हवी. स्थिर भारासाठी आपण इंटिग्रेटर घालतो तोही हाच नियम, फक्त वारंवारिता शून्य.

नुसता s²+१०० भाजकात टाकला की झालं असं मात्र नाही. त्याच्या अंशात काय ठेवायचं यावर लूप किती लवकर शांत होतो, किंवा शांत होतो की नाही, हे ठरतं. माझी पसंती अशी, की चालू पीआय तसाच ठेवायचा आणि त्याला समांतर रेझोनंट भाग जोडायचा:

```
C(s) = (s+5)/5 * [ 15/s + b*(s+15)/(s^2+100) ]
```

अंशातला s+15 हौसेने घातलेला नाही. पीआय बंद लूपचा पोल -१५ वर आहे, आणि तोच अंशात ठेवला की बंद लूपचं समीकरण स्वच्छ फुटतं:

```
(s+15) * (s^2 + b*s + 100) = 0
```

म्हणजे जुना लूप जसाच्या तसा राहिला आणि बाजूला एक नवीन जोडी आली, जिचं डॅम्पिंग फक्त b वरून ठरतं. b = ४ घेतला तर पोल -२ ± ९.८j वर येतात. धक्का ०.५ सेकंदाच्या टाइम कॉन्स्टंटने विरतो आणि दोन सेकंदांत जवळपास नाहीसा होतो. एररपर्यंतच्या वाटेवर आता (s²+100)/(s²+4s+100) हा गुणक बसतो. नॉचच तो, पण या वेळी योग्य जागी: कंट्रोलरमध्ये नाही, तर धक्क्याचा किती भाग उरतो ते सांगणाऱ्या सेन्सिटिव्हिटीत.

ऑक्टेव्हमध्ये पडताळून पाहा:

```
pkg load control
s = tf('s');  P = 5/(s+5);  b = 4;
C = (s+5)/5*(15/s + b*(s+15)/(s^2+100));
S = feedback(1, P*C);
bode(S)
```

१० रेडियनवर आलेख खोल खड्ड्यात जायला हवा. तसा गेला नाही तर अंशात गडबड आहे.

सगळे पर्याय शेजारी ठेवले तर असं दिसतं:

| पर्याय | नेमक्या वारंवारितेवर हेलकावा | वेग २ टक्के सरकला तर |
|---|---|---|
| लूप नाही | ±४.५ आरपीएम | जवळपास तेवढाच |
| पीआय | ±२.५ | जवळपास तेवढाच |
| पीआय + नॉच | ±४.५ | वेग वाढला तर थोडा कमी, घटला तर थोडा जास्त |
| पीआय + रेझोनंट | ० | ±०.२५ |

शेवटच्या ओळीतला ±०.२५ महत्त्वाचा आहे, कारण रेझोनंटची खरी मर्यादा तिथेच दिसते. ५ टक्के फरक पडला तर हेलकावा ±०.६ पर्यंत जातो. b वाढवला की खड्डा रुंद होतो आणि वेगातला फरक जास्त सोसतो, पण विलंब असलेल्या लूपमध्ये त्याची किंमत आजूबाजूच्या वारंवारितांवर चुकवावी लागते. b ३ ते ५ च्या आसपास ठेवावा असं मला वाटतं.

वारंवारिता आपण बदलली नाही तरी ती आपोआप सरकू शकते, हे कोड लिहिणाऱ्याच्या लक्षात येत नाही. रेझोनेटर टस्टिनच्या पद्धतीने डिस्क्रीट केला, म्हणजे पीएलसीच्या स्कॅननुसार चालणाऱ्या रूपात बदलला, तर त्याची वारंवारिता थोडी खाली येते. २० मिलिसेकंद स्कॅनला १० च्या जागी ९.९७, म्हणजे चालण्यासारखं. ५० मिलिसेकंदला मात्र ९.८०, पूर्ण दोन टक्के चूक, आणि हेलकावा विनाकारण उरतो. उपाय सोपा: टस्टिनच्या भरवशावर न राहता भाजकात थेट 2·cos(ω0·T) हा गुणांक वापरायचा. मग पोल नेमके १० वरच पडतात.

एकाच मशीनवर कधी ८० तर कधी ११० आरपीएम असे वेग बदलत असतील तर मी रेझोनंटऐवजी चौथा पर्याय घेईन. एन्कोडरचा कोन घ्यायचा, त्याचे साईन आणि कोसाईन काढायचे, प्रत्येकाला एररने गुणून वेगळं इंटिग्रेट करायचं आणि त्या दोन वजनांतून भरपाईची लाट बनवायची. वेग स्थिर असताना हा पर्याय आणि रेझोनंट गणिताने एकच ठरतात. इथेही आत साईनचं मॉडेलच आहे. फरक एवढाच, की वारंवारिता कोडमध्ये लिहिलेली नसते, ती शाफ्टच्या कोनाबरोबर आपोआप चालते. बदल्यात एक फेज कोन भरावा लागतो, आणि तो वेगाप्रमाणे बदलतो. तो ९० अंशांहून जास्त चुकला की भरपाई धक्क्यात भर घालू लागते आणि हेलकावा फेरीगणिक वाढत जातो. रेझोनंटमध्येही विलंबाने हेच होतं. १० मिलिसेकंदचा विलंब १० रेडियनला फक्त ६ अंश खातो, म्हणून वर त्याची दखल घ्यावी लागली नाही. हाच धक्का १०० रेडियनवर असता तर ५७ अंश गेले असते आणि अंशात तेवढी फेज आगाऊ भरून द्यावी लागली असती.

डिस्टर्बन्स ऑब्झर्व्हरचा मार्गही आहे, पण एकाच मोटरच्या लूपसाठी तो लांबचा वळसा वाटतो. धक्का एका जागी आणि मोजमाप दुसऱ्या जागी असेल, मध्ये लवचिक कपलिंग असेल, तेव्हा त्याचा विचार करावा.

कोणताही पर्याय निवडण्याआधी एक चाचणी मात्र चुकवू नका. फेरीगणिक एकदा येणारा हेलकावा खऱ्या वेगातच असेल असं नाही. एन्कोडरची चकती शाफ्टवर किंचित बाजूला बसली असेल तर वेग स्थिर असूनही वाचन डोलतं. अशा वेळी रेझोनंट कंट्रोलर वाचन सरळ करण्यासाठी खरा स्क्रू डोलवेल, आणि पडद्यावर सगळं आलबेल दिसत असताना पिशव्यांची वजनं बिघडतील. ओळखायचं असं: लूप तोडून, कमांड स्थिर ठेवून वेग दुप्पट करा. घासण्याचा जोर तेवढाच असेल तर जडतेमुळे वेगातला हेलकावा जवळजवळ निम्मा होतो (वरच्या मोटरला ४.५ वरून २.४). चकती बाजूला असेल तर तो वेगाबरोबर दुप्पट होतो. दोन्ही दिशा इतक्या वेगळ्या आहेत की साध्या ट्रेंडवरही फरक कळतो. चकतीचा दोष निघाला तर कंट्रोलरला हात न लावता फिटर बोलवा.

बसवल्यानंतरचा नेहमीचा घोटाळा ड्राइव्हच्या लिमिटचा. स्क्रू अडकला, कमांड कमाल मर्यादेला गेली, की डॅम्पिंग नसलेला रेझोनेटर आतल्या आत मोठी लाट डोलवत ठेवतो. अडथळा निघाल्यावर वेग काही सेकंद नेमक्या १० रेडियनने डोलतो आणि माणसाला वाटतं लूपच अस्थिर आहे. मर्यादा गाठताच रेझोनेटरचं इनपुट तोडणं हा एक उपाय. दुसरा, भाजकात s²+0.1s+100 असं किंचित डॅम्पिंग ठेवणं. त्यात रेझोनंट गुणक शून्याऐवजी सुमारे २.४ टक्क्यांवर थांबतो, म्हणजे आपल्या उदाहरणात हेलकावा ±०.०६ आरपीएम. वजनाच्या हिशोबात तो दिसत नाही, म्हणून मी हे डॅम्पिंग ठेवतोच आणि इनपुटही तोडतो.