आठ महिने ब्रॉडकास्ट लिस्टवर भाजी विकल्यानंतर

जुन्नरजवळ आमचं अडीच एकर रान आहे. गुरुवारी संध्याकाळी मी व्हॉट्सॲपवर भाजीची यादी टाकते, शुक्रवारी रात्रीपर्यंत ऑर्डरी येतात, शनिवारी पहाटे तोडणी करून दुपारी पेट्या पुण्यात कोथरूड-वारज्याला पोहोचतात. यादी ब्रॉडकास्ट लिस्टवरून जाते, म्हणजे मी एकदाच पाठवलेला मेसेज प्रत्येकाच्या वेगळ्या चॅटवर जातो. अशा एका लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात. माझ्याकडे १८७ होते, त्यामुळे एकाच लिस्टवर भागत होतं.

दोन महिन्यांनी एका काकूंचा फोन आला. "अगं, भाजी बंद केलीस का? यादीच येत नाही." यादी तर दर गुरुवारी जात होती. काकूंचं चॅट उघडलं, तर भोंग्याचं चिन्ह असलेल्या माझ्या आठ याद्या एकाखाली एक, आणि प्रत्येकीवर एकच करडी टिक. तिथेच खाली मी साधा मेसेज लिहिला, "काकू, हे दिसतंय का?" त्यावर लगेच दोन निळ्या टिका.

एकाच चॅटमधला हा फरक हीच खरी खूण. ब्रॉडकास्ट फक्त त्यालाच पोहोचतो, ज्याच्या फोनमध्ये आपला नंबर सेव्ह आहे. आपण त्यांचा नंबर सेव्ह केलाय, ते आपल्याशी रोज बोलतात, याने काही फरक पडत नाही. काकूंनी माझा नंबर कधी सेव्हच केला नव्हता. जुन्या चॅटवरच बोलत होत्या. साध्या मेसेजवरही एकच टिक राहिली, तर मात्र कारण वेगळं: फोन बंद, नेट नाही किंवा आपल्याला ब्लॉक केलंय.

हा नियम मला पटतो. तो नसता तर कुणीही कुठून तरी नंबर गोळा करून एका दमात शेकडो अनोळखी लोकांना जाहिराती पाठवल्या असत्या. अडचण एवढीच, की मेसेज न पोहोचल्याचं व्हॉट्सॲप आपल्याला वेगळं सांगत नाही. आपणच शोधावं लागतं.

मी तेच केलं. पाठवलेली यादी दाबून धरून Info उघडलं. तिथे Read by आणि Delivered to अशी नावं दिसतात. एक पूर्ण दिवस जाऊ दिला, कारण काहींचं नेट रात्रीच चालू असतं. दोन्हींत मिळून ११२ नावं भरली. म्हणजे ७५ घरांना मी दोन महिने यादी पाठवतच नव्हते म्हणायचं!

त्या ७५ जणांना एकेकाच्या चॅटवर मी माझं कॉन्टॅक्ट कार्ड पाठवलं आणि खाली लिहिलं: "हा नंबर सेव्ह केला तरच गुरुवारची यादी येईल. केला की 'झालं' लिहा." दिवसाला दहा-बारा जणांनाच. नुसतं "नंबर सेव्ह करा" म्हटलं की लोक विसरतात. कार्डावर बोट ठेवलं की नाव-नंबर आपोआप भरून येतो. तीन आठवड्यांत ५१ जणांचं "झालं" आलं. काकूंचं सगळ्यात आधी.

नव्या गिऱ्हाइकांसाठी पेटीत क्यूआर कोडची चिठ्ठी टाकते. तो स्कॅन केला की ही लिंक उघडते:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Bhaji
```

नंबरात अधिकचं चिन्ह नाही, मध्ये जागा नाही, आधी शून्य नाही. पहिला मेसेज त्यांच्याकडून येतो. मी बिझनेस ॲप वापरते, त्यात Greeting message लावून ठेवलाय. पहिल्यांदा लिहिणाऱ्याला किंवा १४ दिवस काही बोलणं न झालेल्याला तो आपोआप जातो. त्यात पहिलीच ओळ नंबर सेव्ह करण्याची आहे.

उरलेल्या २४ जणांसाठी आधी ग्रुप केला, फक्त ॲडमिनला लिहिता येईल असा. पण ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात, आणि एका ताईंना ते आवडलं नाही. त्यांचं बरोबरच होतं. मग कम्युनिटी केली. तिच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत आणि कुणी माझा नंबर सेव्ह केलेला नसला तरी यादी पोहोचते. चॅनेलही करून पाहिलं. तिथेही नंबर सेव्ह लागत नाही, पण सूचना मुळात बंद असतात आणि यादी शुक्रवारी रात्रीच्या आत वाचली जाणं माझ्यासाठी महत्त्वाचं आहे. ते मी सोडून दिलं.

एकगठ्ठा मेसेज पाठवणारी बाहेरची सॉफ्टवेअरं मात्र घेऊ नका. ती व्हॉट्सॲपच्या अटींत बसत नाहीत, नंबर बंद होऊ शकतो, आणि आमच्या सगळ्या ऑर्डरी त्याच नंबरवर आहेत.

आता महिन्यातून एकदा Info उघडून नावं ताडून पाहते. मागच्या वेळी तीन गळली होती. दोघांनी फोन बदलला होता आणि जुने कॉन्टॅक्ट नव्यात आलेच नव्हते. तिसऱ्यांना शनिवारी पेटी देताना विचारलं, आणि त्यांनी तिथेच जिन्यात उभं राहून नंबर सेव्ह केला.