सिंथेसिस मॅट्रिक्स : सात महिने वापरल्यावर

एम.ए. मानसशास्त्राच्या प्रबंधासाठी सात महिने ही मॅट्रिक्स वापरतेय. गूगल शीटमधला साधा तक्ता आहे : प्रत्येक ओळीत एक संशोधन, प्रत्येक रकान्यात एक मुद्दा. माझा विषय, नाशिकच्या अभ्यासिकांत बसणाऱ्या स्पर्धा परीक्षेच्या मुलांची परीक्षा-चिंता.

त्याआधी साहित्य आढाव्याची बावीस पानं लिहून झाली होती. 'अमुक यांनी अभ्यास केला, तमुक यांना आढळले', असा एकेका संशोधनाचा एकेक परिच्छेद. मॅडमनी ती चाळून विचारलं, "हे परिच्छेद पत्त्यांसारखे पिसले तर काही बिघडेल का गं?" काहीच बिघडत नव्हतं.

मॅट्रिक्सचे पहिले रकानेही चुकलेच. 'लिंगभेद', 'गुण', 'शहरी-ग्रामीण' आणि 'इतर'. महिन्याभरात 'इतर'मध्ये चौदा संशोधनं साचली, तेव्हा कळलं की वर्गवारीच फसलीय. मग मथळ्यांचे प्रश्न केले. 'चिंतेमुळे गुण घटतात का?' या रकान्यात कुठे हो, कुठे किंचित, कुठे नाही. शेजारी 'चिंता कशी मोजली?' हा रकाना घातला आणि त्यानुसार शीट सॉर्ट केली, तेव्हा गुंता सुटायला लागला. लीबर्ट आणि मॉरिस यांनी 1967 मध्येच परीक्षा-चिंतेचे दोन भाग केले होते : मनात घोळणारी काळजी, आणि छातीत धडधड, हाताला घाम असली शारीरिक अस्वस्थता. हेम्ब्री यांनी 1988 मध्ये 562 संशोधनं एकत्र तपासली, त्यातही गुणांशी जास्त घट्ट नातं काळजीचंच निघालं. माझ्या शीटमधली 'किंचित'वाली बरीच संशोधनं दोन्ही भागांची एकच बेरीज वापरणारी होती. आता त्या परिच्छेदाचं पहिलं वाक्य असं आहे : 'चिंतेमुळे गुण किती घटतात, हे चिंतेचा कोणता भाग मोजला यावर अवलंबून दिसते.' संशोधकांची नावं मागून कंसात येतात. हेम्ब्रींना मात्र मी स्वतंत्र परिच्छेद दिला; एवढं मोठं काम चार रकान्यांत चिरून टाकणं पटेना.

तक्रारी आहेतच. चौकटीत 'संबंध आहे' एवढंच लिहून ठेवलं होतं; दोन महिन्यांनी किती संबंध, कोणत्या मुलांत, काही आठवेना. सारांश वाचून भरलेल्या नऊ ओळी पुन्हा मूळ निबंध उघडून भराव्या लागल्या. आता सहसंबंधाचा आकडा, नमुना आणि पान क्रमांक असल्याशिवाय चौकट भरत नाही. मोबाईलवर तर ही शीट उघडूच नये.

'नोकरी सांभाळून तयारी करणारे' हा रकाना कोराच होता. संशोधनातली उणीव सापडली म्हणून मी खूश! मॅडम म्हणाल्या, आधी शोधशब्द बदलून बघ. 'विद्यार्थी' काढून 'उमेदवार' घातलं, तर दोन निबंध निघाले.