नऊ महिने विशलिस्ट आणि किमतीचा आलेख वापरून: खरी सूट कुठली, नेहमीचा सेल कुठला

गेल्या डिसेंबरात स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या विंटर सेलमध्ये मी एक गेम ५० टक्के सवलतीत घेतला. पानावर हिरवी पट्टी होती, शेजारी सवलत संपायची तारीख होती, आणि आत्ता घेतला नाही तर संधी गेली असंच वाटलं. चार दिवसांनी मावसभाऊ घरी आला. त्याने SteamDB या साइटवर त्या गेमच्या किमतीचा आलेख उघडला आणि म्हणाला, "दादा, हे खड्डे मोज जरा." मोजले. वर्षभरात तेच पन्नास टक्के सात वेळा लागले होते. म्हणजे मी घाईने घेतलेली किंमत दर दीड-दोन महिन्यांनी मिळतच होती. त्या दिवसापासून विशलिस्ट आणि आलेख दोन्ही बघितल्याशिवाय मी एकही गेम घेतलेला नाही.

आधी विशलिस्टबद्दल. स्टीमची विशलिस्ट सेल लागल्याचं कळवते, पण तो सेल चांगला आहे का, हे ती सांगत नाही. सवलत २० टक्के किंवा जास्त असली की मेल येतो, मग ती सवलत पहिल्यांदा लागलेली असो की दहाव्यांदा. दोन्ही मेल दिसायला सारखेच. म्हणून मी माझी विशलिस्ट IsThereAnyDeal या गेमच्या किमतींवर नजर ठेवणाऱ्या साइटवर आणून ठेवली. त्यासाठी स्टीम प्रोफाइलमधली गेमची माहिती सार्वजनिक करावी लागते, आणि तिथे देश भारत निवडावा लागतो. तसं केलं नाही तर किमती डॉलरमध्ये दिसतात आणि रुपयांशी त्यांचा मेळ बसत नाही. तिथे किमतीची मर्यादा घालता येते: अमुक रुपयांच्या खाली आला तरच कळव. हे केल्यावर मेल खूप कमी झाले आणि आलेला प्रत्येक मेल उघडून बघावासा वाटू लागला.

पण मर्यादा किती घालायची? ते आलेखावरून ठरतं, आणि खरी गंमत तिथेच आहे. गेमच्या किमतीचा आलेख पायऱ्यांसारखा असतो. वर मूळ किमतीची सरळ रेघ, मधे मधे सेलचे खड्डे. साधारणपणे पहिल्या सेलला १०-२० टक्के, मग २५, ३३, ४०, ५० असे खड्डे हळूहळू खोल होत जातात. मग कुठेतरी ते थांबतात आणि पुढचे सगळे खड्डे एकाच खोलीवर टेकतात. त्या खोलीला मी तळ म्हणतो. सेल त्या तळावरच टेकत असेल तर तो नेहमीचा. तळ फोडून खाली गेला तरच तो माझ्या लेखी खरा.

खड्डे ठरावीक अंतराने का दिसतात, हेही समजून घेतलं. स्टीमवर एक सवलत संपली की पुढची लावायला ३० दिवस थांबावं लागतं. मोठ्या हंगामी सेलना मात्र ही अट नाही. म्हणून समर सेल, विंटर सेल यांचे खड्डे जवळपास प्रत्येक गेमला असतात आणि बाकीचे त्यांच्या मधे येतात. दुसरा नियम जास्त कामाचा: किंमत वाढवली की पुढचे ३० दिवस सवलत लावता येत नाही. त्यामुळे कुणाला मूळ किंमत फुगवून मग मोठी सूट दाखवायची असेल, तर ती वाढ सेलच्या महिनाभर आधी करावी लागते, आणि आलेखात ती स्पष्ट दिसते.

माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं. एक रोल प्लेइंग गेम मी जानेवारीपासून विशलिस्टमध्ये ठेवला होता. मूळ किंमत १,४९९ रुपये. आधीच्या दीड वर्षात पाच वेळा ६० टक्के सूट, म्हणजे दर वेळी ५९९. मार्चमध्ये स्प्रिंग सेलला पुन्हा ५९९. तळ पक्का होता, म्हणून मी मर्यादा ५५० ठेवली. मेच्या मध्यावर वरची रेघ चढली: १,९९९. जूनच्या शेवटी समर सेल सुरू झाला आणि पानावर ६६ टक्के झळकले. त्या गेमला इतके टक्के कधीच लागले नव्हते. कॉलेजच्या ग्रुपवर दोघांनी लगेच घेतला. पण १,९९९ वर ६६ टक्के म्हणजे ६७९ रुपये, मार्चपेक्षा ८० रुपयांनी महाग. टक्के चढले होते आणि किंमतही चढली होती. मला मेल आलाच नाही, कारण माझी मर्यादा रुपयांत होती. टक्क्यांत ठेवली असती तर मीही घेतला असता. म्हणून मनापासून सांगतो, टक्के बघूच नका, रुपये बघा.

ऑगस्टच्या मध्यावर प्रकाशकाच्या स्वतःच्या सेलमध्ये तोच गेम ७५ टक्क्यांवर आला: ४९९. पाच-सहा वेळा टेकलेला ५९९ चा तळ शंभर रुपयांनी फुटला. मेल आला, मी आलेख उघडून खात्री केली आणि त्याच रात्री घेतला.

आलेख कुठे फसवतो, हेही सांगायला हवं. एकदा एका गेमची सर्वांत कमी नोंद इतकी खाली होती की मी चार महिने तिची वाट बघत बसलो. नीट बघितलं तर तो खड्डा काही तासांचाच होता, एक उभी सुई. बहुधा कुणीतरी चुकीची किंमत टाकून लगेच दुरुस्त केली असावी. तेव्हापासून किमान तीन-चार दिवस टिकलेली किंमतच मी धरतो. दुसरा घोटाळा नव्या आवृत्तीचा. जुना गेम दुकानातून काढून सुधारित आवृत्ती वेगळ्या पानावर आणली, तर तिचा आलेख कोरा सुरू होतो आणि पहिला साधा सेलसुद्धा आजवरचा नीचांक दिसतो. अशा वेळी जुन्या आवृत्तीचा आलेखही शोधून बघावा. आणि बंडलमध्ये घेतल्यावर मिळणारी जादा सूट एकट्या गेमच्या आलेखात येत नाही, ती हाताने हिशोब करून बघावी लागते.

काही गेमना वाट बघण्यात अर्थच नसतो. फॅक्टोरिओ कधीच सेलवर येत नाही, हे त्याच्या निर्मात्यांचं जाहीर धोरण आहे. उलट जानेवारी २०२३ मध्ये त्याची किंमत ३० डॉलरवरून ३५ डॉलर झाली. असा सपाट आलेख दिसला आणि गेम हवाच असेल, तर सरळ घ्यावा.

घेतल्यावर आठवड्याभरात जास्त सूट लागली तरी हळहळू नका. खरेदीला १४ दिवस झाले नसतील आणि खेळणं दोन तासांच्या आत असेल, तर परतावा घेऊन तोच गेम नव्या किमतीला पुन्हा घेता येतो. सेलच्या जरा आधी घेतलेल्या गेमसाठी असं करणं स्टीम गैरवापर मानत नाही.

सध्या माझ्या यादीत अकरा गेम आहेत. त्यातल्या एकाचे खड्डे २५, ३३, ४० असे अजून खोल होत चाललेत, तळ लागलेला नाही. त्याला मी विंटर सेलपर्यंत हात लावणार नाही.