‘जरा बघतोस का?’ की रीतसर मागणी: नेटवर्क टीमकडून काम करून घेताना

समजा, तुमच्या ॲपला बँकेच्या टेस्ट सर्व्हरशी जोडायचंय आणि मधे कंपनीची फायरवॉल आडवी येतेय. अशा वेळी नेटवर्क टीममधल्या ओळखीच्या माणसाला चॅटवर गाठायचं, की टिकेट काढायचं?

चॅटवर आपण लिहितो, “अरे, बँकेचं कनेक्ट होत नाहीये, जरा बघतोस का? अर्जंट आहे.” लिहायला दहा सेकंद पुरतात. मग तो विचारतो, “कुठल्या सर्व्हरवरून?” तोवर तुम्ही मीटिंगमध्ये. तासाभराने उत्तर दिलं की पुढचा प्रश्न येतो, “पोर्ट कुठला?” दिवस असाच जातो, आणि त्याच्या यादीत तुमचं काम अजून आलेलंच नसतं.

तीच मागणी टिकेटमध्ये अशी लिहिता येईल:

“आमच्या टेस्ट सर्व्हरवरून (10.20.4.15) बँकेच्या 203.0.113.25 कडे टीसीपी पोर्ट 443 उघडून हवा आहे. बुधवारी दुपारी 4 पर्यंत, कारण गुरुवारी सकाळी 11 ला बँकेबरोबर टेस्टिंग आहे. न झाल्यास रिफंडची टेस्ट अडेल; बाकी काम चालू राहील. `nc -vz 203.0.113.25 443` टाइमआउट होतंय.”

शेवटचं वाक्य फालतू वाटेल, पण त्याने बरीच शोधाशोध वाचते. टाइमआउट म्हणजे बहुधा वाटेत कुणीतरी पॅकेट गिळतंय, तेव्हा फायरवॉलचा संशय रास्त. ‘connection refused’ आलं असतं, तर पलीकडून नकार तरी मिळतोय. मग बँकेकडे सर्व्हिस चालू आहे का, हे आधी विचारायला हवं.

‘काय अडतंय’ लिहिताना मात्र हात आखडता ठेवावा. रिफंडच अडत असेल तर ‘अख्खा प्रोजेक्ट थांबलाय’ म्हणू नये. नेटवर्कवाल्यांकडे रोज असे दहा प्रोजेक्ट थांबलेले असतात. तारखेचंही तसंच. बऱ्याच कंपन्यांत फायरवॉलचे बदल ठरलेल्या दिवशी, मंजुरी घेऊनच होतात. बदलाचा दिवस मंगळवार असेल, तर बुधवारची मुदत टाकून उपयोग नाही, सोमवारच्या आत मंजुरी पदरात पडायला हवी.

मग चॅट कधी? ‘हा नियम आधीच आहे का?’ एवढंच विचारायचं असेल, तर खुशाल चॅटच. त्यासाठी टिकेट काढणं म्हणजे उगाच कागदी घोडे. बदल हवा असेल तर माझं मत सरळ टिकेटच्या बाजूने आहे, कारण मंजुरीला ते लागणारच. ओळखीचा उपयोग त्यानंतर करावा: टिकेटचा नंबर चॅटवर टाकून “बुधवारपर्यंत जमेल ना?” एवढंच विचारावं. नाही म्हणाला, तर दोन्ही लीडना बोलू द्या आणि बँकेकडे नवी वेळ त्याच दिवशी मागा.