फोर्स मेज्योर कलम : काही महिने वापरल्यानंतर

आमचा मशीनच्या सुट्या भागांचा कारखाना आहे. कास्टिंग बाहेरून घेतो, काही माल परदेशी पाठवतो. आमच्या जुन्या परचेस ऑर्डरवर ‘नैसर्गिक आपत्ती आल्यास कोणीही जबाबदार नाही’ एवढी एकच ओळ असायची. ती काढून आम्ही पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने २०२० मध्ये काढलेलं फोर्स मेज्योर कलम, म्हणजे हाताबाहेरच्या घटनेमुळे काम अडलं तर जबाबदारीतून सूट देणारं कलम घातलं, तेही सविस्तर नमुन्यातलं. काही महिने ते वापरून आता मत पक्कं झालंय.

या कलमाचा साचा फ्रेंच आहे. फ्रान्समध्ये १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेपासून ही सूट थेट कायद्यातच आहे. २०१६ च्या सुधारणेनंतर तिथल्या कलम १२१८ मध्ये कसोट्या स्पष्ट लिहिल्या आहेत: घटना आपल्या हाताबाहेरची हवी, करार करताना तिचा अंदाज येण्यासारखा नसावा आणि योग्य ती खबरदारी घेऊनही तिचे परिणाम टळणारे नसावेत. चेंबरचं कलम जवळपास याच तीन गोष्टी विचारतं. इंग्लंडच्या कायद्यात मात्र अशी आयती सूट नाही, करारात लिहिलं असेल तेवढंच मिळतं. आपल्याकडेही करारात हे कलम नसेल तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ५६ चा आधार शोधावा लागतो आणि तिथे काम जवळपास अशक्य झालं हे सिद्ध करावं लागतं. म्हणून शब्द नीट लिहिण्याला इतकं महत्त्व.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. एका फाउंड्रीचा माल थकला होता. अतिवृष्टीने रस्ता बंद झाला आणि त्यांचं पत्र आलं: फोर्स मेज्योर, दंड लावू नका. आम्ही तारखा समोर ठेवल्या. डिलिव्हरीची तारीख पावसाच्या आधीच उलटून गेली होती आणि पत्र आलं तेव्हा रस्ता सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. या कलमात नोटीस विनाविलंब द्यावी लागते; उशीर केला तर सूट नोटीस पोचल्यापासून पुढे मिळते, मागची नाही. शिवाय आधीच चुकलेली मुदत नंतरच्या पावसाने कशी माफ होणार? त्यांच्या मॅनेजरनी पत्र मागे घेतलं, भांडण झालं नाही. जुन्या ओळीवर हे कधीच सुटलं नसतं.

दुसऱ्या एका पुरवठादाराने ‘माझ्या सब-काँट्रॅक्टरने माल दिला नाही’ असं कारण दिलं. ते आपोआप चालत नाही. सब-काँट्रॅक्टरवर आलेली अडचणही त्याच कसोट्यांना उतरावी लागते. भाव वाढले हे कारणही टिकत नाही. इंडोनेशियन कोळसा महागला म्हणून वीज कंपन्यांनी फोर्स मेज्योर मागितलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ‘एनर्जी वॉचडॉग’ प्रकरणात नकार दिला. काम महाग झालं म्हणजे अशक्य झालं असं होत नाही.

आता खरेदीदाराची बाजू. लोकांना वाटतं कुठलंही फोर्स मेज्योर कलम दोघांनाही सारखंच लागू असतं. एप्रिल २०२० मधलं मुंबई उच्च न्यायालयाचं ‘स्टँडर्ड रिटेल’ प्रकरण त्यांनी जरूर वाचावं. स्टीलचे आयातदार लॉकडाउनचं कारण सांगून विक्रेत्याच्या लेटर ऑफ क्रेडिटचे, म्हणजे बँकेने हमी दिलेले पैसे थांबवायला कोर्टात गेले होते. माल दक्षिण कोरियातून जहाजावर चढवून विक्रेत्याने आपलं काम पूर्ण केलं होतं. न्यायालयाने करार पाहिला, तर फोर्स मेज्योर कलम फक्त विक्रेत्याच्या फायद्याचं निघालं! त्यात स्टीलचं वितरण अत्यावश्यक सेवेत होतं, बंदरं चालू होती आणि लॉकडाउन ठरावीक मुदतीचा होता. आयातदारांना अंतरिम दिलासा मिळाला नाही. म्हणून समोरच्याच्या छापील फॉर्मवर सही करताना मी आधी पाहते की कलमात ‘विक्रेता’ लिहिलंय की ‘कोणताही पक्ष’.

चेंबरच्या कलमात युद्ध, निर्बंध, साथीचे रोग, आग, सार्वत्रिक संप, वीज किंवा वाहतुकीचा दीर्घ खोळंबा अशी यादी आहे. यादीतली घटना असली तर ती हाताबाहेरची आणि अनपेक्षित होती असं गृहीत धरतात, पण परिणाम टाळता येत नव्हते हे मात्र सांगणाऱ्यालाच दाखवावं लागतं. हे मला सगळ्यात आवडलं. संप झाला एवढं सांगून भागत नाही, दुसरीकडून ट्रक का मिळाला नाही तेही दाखवा.

दोन गोष्टी आम्हाला बदलाव्या लागल्या. अडथळा १२० दिवसांच्या पुढे गेला की कोणताही पक्ष करार संपवू शकतो, असं मूळ कलमात आहे. कास्टिंगसाठी इतकं थांबलो तर आमची लाइन बंद पडेल, म्हणून तिथे आम्ही ४५ दिवस लिहितो. आणि मिळालेल्या मालाचे पैसे देणं या सवलतीत येत नाही, अशी एक ओळ जोडतो. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये पैशाच्या देण्याला फोर्स मेज्योर लावायला नकार दिला होता. आमच्या लहान पुरवठादारांनी ही ओळ पाहिल्यावर बाकीचं कलम फारशी घासाघीस न करता मान्य केलं.